‘किंवा समतुल्य अर्हता’ : ठरवतं कोण, पटवायचं कसं?

सरकारी नोकरीच्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात एखाद्या पदवीचं नाव असतं आणि त्याला शेवटी जोडलेलं असतं, ‘किंवा समतुल्य अर्हता’. ज्यांच्या प्रमाणपत्रावरचं नाव जाहिरातीशी तंतोतंत जुळतं, ते हे शब्द वाचतही नाहीत. ज्यांचं जुळत नाही, त्यांची सगळी आशा मात्र याच शब्दांवर असते. ‘माझं शिक्षण याच तोडीचं आहे, किंबहुना जास्तच आहे’ अशा विश्वासानं ते अर्ज भरतात, परीक्षा देतात, चांगले गुण मिळवतात आणि कागदपत्रांच्या तपासणीत बाद होतात. त्यांचं शिक्षण कमी पडलेलं नसतं. ते समतुल्य आहे हे कोणी ठरवायचं आणि कधी दाखवायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

जम्मू-काश्मीरच्या वीज विभागातल्या तंत्रज्ञ श्रेणी तीन या पदाचं प्रकरण या बाबतीत फार शिकवणारं आहे. त्या पदासाठी मॅट्रिक आणि संबंधित ट्रेडमधलं आयटीआय एवढी अर्हता मागितली होती. इलेक्ट्रिकल अभियांत्रिकीची पदविका असलेल्या उमेदवारांनीही अर्ज केले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. आयटीआयपेक्षा पदविका वरची, तेव्हा वरचं शिक्षण घेतलेल्याला खालचं येतं असंच धरायला हवं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. झहूर अहमद राथेर विरुद्ध शेख इम्तियाज अहमद या नावानं डिसेंबर 2018 मध्ये त्याचा निकाल लागला आणि तो पदविकाधारकांच्या विरोधात गेला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, वरची अर्हता असली म्हणजे खालची आपोआप असतेच असं गृहीत धरता येत नाही. कोणत्या कामाला कोणतं शिक्षण हवं हे नोकरी देणारं शासन ठरवतं. ते ठरवताना कामाचं स्वरूप, लागणारं कौशल्य आणि समाजाच्या वेगवेगळ्या थरांतल्या लोकांना रोजगाराच्या संधी मिळणं याचाही विचार शासन करू शकतं.

यातला शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. खांबावर चढून तारा जोडणाऱ्या माणसाचं पद हे दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलांसाठी राखलेलं एक दार आहे. तिथे पदविका आणि पदवीधारकांना घेतलं, तर गुणांच्या यादीत आयटीआयची मुलं मागे पडतील आणि ते दार त्यांना बंद होईल. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाईपदाच्या एका प्रकरणात हीच गोष्ट जाहिरातीतच लिहिलेली होती. उमेदवार बारावी किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण असावा, पण 1 जानेवारी 2016 रोजी तो पदवीधर नसावा, अशी अट होती. निवड झालेला एक उमेदवार 2014 सालीच पदवीधर झाला होता आणि त्यानं ते लपवलं होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँकेची बाजू उचलून धरली. त्यामुळे ‘जास्त शिकलोय’ हा समतुल्यतेचा पुरावा नाही, हे आधी मनाशी पक्कं करायला हवं.

याच्या अगदी उलट दिसणारा एक निकाल केरळचा आहे. तिथल्या वीज मंडळातल्या सब इंजिनियरच्या पदाला पदविका हवी होती आणि लोकसेवा आयोगानं अभियांत्रिकी पदवीधरांना अपात्र ठरवलं होतं. ज्योती के. के. प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पदवीधरांच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयानं इथे पदवीची भलामण केली नव्हती. केरळच्या सेवा नियमांमध्येच एक तरतूद होती की, ज्या वरच्या अर्हतेसाठी खालची अर्हता मिळवलेली असणं गृहीत आहे, ती वरची अर्हता त्या पदाला चालेल. जम्मू-काश्मीरमध्ये असा नियम नव्हता. दोन्हीकडे खातं विजेचंच आणि युक्तिवादही तोच, पण निकाल वेगळे लागले, कारण नियम वेगळे होते.

म्हणून जाहिरात वाचून झाली की पुढचं वाचन सेवाप्रवेश नियमांचं. प्रत्येक शासकीय पदासाठी असे नियम असतात आणि राज्याचे नियम राजपत्रात प्रसिद्ध होतात. जाहिरात ही त्या नियमांचा गोषवारा असते. जाहिरातीत नुसतं ‘समतुल्य’ असलं, तरी मूळ नियमात बहुधा पुढचे शब्द सापडतात, जसं ‘शासनाने समतुल्य म्हणून घोषित केलेली’, ‘विद्यापीठाने मान्य केलेली’ किंवा ‘नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या मते समतुल्य असलेली’. हे क्रियापद आणि त्याचा कर्ता, दोन्ही काळजीपूर्वक पाहावेत. ‘शासनाने घोषित केलेली’ असं असेल, तर शासनाचा आदेश आधीच निघालेला असावा लागतो. तो नसेल, तर तुमचा अभ्यासक्रम जाहिरातीतल्या पदवीशी शब्दशः जुळणारा असला तरी तपासणी करणारा कर्मचारी काही करू शकत नाही, कारण तसा अधिकारच त्याला दिलेला नाही. ‘नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या मते’ असं असेल, तर मात्र तुमची बाजू ऐकून मत बनवायला जागा आहे.

संगणक अर्हतेचं उदाहरण घेतलं की हे लगेच कळतं. राज्याच्या अनेक पदांच्या जाहिरातींत 4 फेब्रुवारी 2013 च्या शासन निर्णयाचा हवाला असतो. त्यात डीओईएसीसी सोसायटीचे सीसीसी, ओ स्तर, ए स्तर असे अभ्यासक्रम आणि एमएस-सीआयटी यांची नावं दिलेली आहेत. अशा ठिकाणी समतुल्यता ही यादी असते. गावातल्या खाजगी संस्थेत वर्षभर याहून अवघड अभ्यासक्रम केला असला, तरी तो यादीत आणि तिला नंतर जोडलेल्या पूरक आदेशांत आहे का, एवढंच पाहिलं जातं. इथे युक्तिवादात वेळ न घालवता पुढच्या भरतीच्या आत यादीतली एक परीक्षा देऊन टाकावी, असं मी स्पष्ट सांगेन.

यादी नसते तिथे खरा प्रश्न सुरू होतो. त्याचे तीन भाग आहेत आणि बहुतेक लोक पहिल्या भागाचं उत्तर देऊन तिन्ही सुटले असं समजतात. पहिला भाग मान्यतेचा. पदवी देणारी संस्था कायद्यानं स्थापन झालेली, पदवी देण्याचा अधिकार असलेली आहे का? दुसरा स्तराचा. ही पदवी आहे, पदविका आहे की पदव्युत्तर प्रमाणपत्र? तिसरा विषयाचा. ज्या विषयातलं शिक्षण मागितलं आहे, तोच विषय तुम्ही शिकलात का? दूरस्थ शिक्षणाची पदवी असलेल्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाची 2 सप्टेंबर 2022 ची सूचना उपयोगी पडते. आयोगाच्या 2020 च्या विनियमांप्रमाणे मिळालेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असं त्यात म्हटलं आहे. पण यातून मान्यता आणि स्तर हे दोनच प्रश्न सुटतात. परदेशातून शिकून आलेल्यांचंही तसंच. भारतीय विद्यापीठ संघ परदेशी पदव्यांना समतुल्यता प्रमाणपत्र देत आला आहे आणि एप्रिल 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं यासाठी स्वतंत्र विनियम अधिसूचित केले. असं प्रमाणपत्र हातात आलं की तुमची पदवी भारतातल्या पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची आहे एवढं सिद्ध होतं. ती अमुक पदासाठी मागितलेल्या विषयातली आहे का, हे त्यातून ठरत नाही. तो तिसरा प्रश्न नोकरी देणाऱ्यासमोर वेगळा मांडावा लागतो.

आता हा तिसरा प्रश्न एका कल्पित पण नेहमी दिसणाऱ्या उदाहरणावर सोडवून पाहू. पाण्याची तपासणी करणाऱ्या एका शासकीय प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञाचं पद निघालं आहे. अर्हता आहे ‘रसायनशास्त्र विषयातील एम.एस्सी. किंवा समतुल्य अर्हता’. उमेदवार मुलीच्या पदवी प्रमाणपत्रावर छापलं आहे ‘एम.एस्सी. (विश्लेषणात्मक रसायनशास्त्र)’. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही यात प्रश्न दिसणार नाही. पण कागदपत्रं तपासणारी व्यक्ती रसायनशास्त्राची नसते. तिच्यासमोर दोन नावं असतात आणि ती वेगळी असतात.

या मुलीनं सर्वांत आधी विद्यापीठाकडे जावं. जाहिरात येण्याची वाट पाहू नये, कारण अर्ज भरायला साधारण तीन-चार आठवडे मिळतात आणि विद्यापीठातून पत्र मिळायला त्याहून जास्त लागू शकतात. कुलसचिव किंवा परीक्षा विभागाकडून तिनं एकच विधान लेखी मिळवायचं आहे : विश्लेषणात्मक रसायनशास्त्र ही या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विषयातील एम.एस्सी. पदवीची विशेष शाखा असून पदवी रसायनशास्त्र अभ्यास मंडळाच्या अखत्यारीत दिली जाते. महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांचं पत्र सहज मिळतं, पण पदवी ते देत नाहीत, म्हणून त्याचं वजन कमी असतं. विद्यापीठाकडून मिळालेल्या पत्रावर जावक क्रमांक आणि दिनांक असलाच पाहिजे.

दुसरं काम अभ्यासक्रमाच्या तुलनेचं. बहुतेक विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.चं पहिलं वर्ष सर्व शाखांना समान असतं आणि भौतिक, सेंद्रिय, असेंद्रिय व विश्लेषणात्मक असे चारही विषय त्यात असतात. विशेष शाखा दुसऱ्या वर्षी सुरू होते. समजा, तिचा अभ्यासक्रम 80 श्रेयांकांचा आहे. त्यातले पहिल्या वर्षाचे 40 इतर शाखांशी शब्दशः समान आहेत आणि उरलेले 40 रसायनशास्त्राच्याच एका शाखेतले आहेत. म्हणजे रसायनशास्त्राबाहेरचं त्यात काही नाही. ही तुलना एका पानाच्या तक्त्यात मांडावी. डावीकडे त्याच विद्यापीठाच्या सर्वसाधारण रसायनशास्त्र एम.एस्सी.च्या विषयपत्रिका, उजवीकडे आपल्या, आणि शेवटच्या स्तंभात आपल्या गुणपत्रिकेतला क्रमांक. अभ्यासक्रमाची शंभर पानं नुसती जोडली, तर ती कोणी उलटत नाही. ती मागे जोडावीत आणि तक्ता पुढे असावा.

तिसरं काम पदाच्या कर्तव्यसूचीशी नातं दाखवण्याचं, आणि बहुतेक अर्जांत तेच राहून जातं. पाण्याच्या प्रयोगशाळेत क्षारता, काठिण्य, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट आणि जड धातू मोजायचे असतात. त्यासाठी अनुमापन करावं लागतं, वर्णपटमापी आणि अणुशोषण वर्णपटमापी यांसारखी उपकरणं चालवावी लागतात. विश्लेषणात्मक शाखेचा गाभा हाच आहे. तक्त्याखाली दोन वाक्यांत हे लिहिलं, की निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला आपला निर्णय फाइलवर समर्थित करायला आधार मिळतो. त्याला पुढे लेखापरीक्षणात किंवा दुसऱ्या उमेदवाराच्या तक्रारीत उत्तर द्यावं लागणार असतं, हे लक्षात ठेवून लिहिलेलं पत्र जास्त कामाचं ठरतं.

चौथी गोष्ट म्हणजे पूर्वदाखला. याच पदाला किंवा याच विभागातल्या तशाच पदाला याआधी ही पदवी मान्य झाली आहे का? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात हे विचारता येतं आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. प्रश्न मत विचारणारा नसावा. ‘माझी पदवी समतुल्य आहे का’ असं विचारलं तर माहिती अधिकारी ‘मत देणे या कायद्याच्या कक्षेत येत नाही’ असं उत्तर देऊ शकतो. ‘अमुक पदाच्या मागील दोन भरतींमध्ये समतुल्य म्हणून स्वीकारलेल्या अर्हतांची यादी व संबंधित आदेशांच्या प्रती’ असं मागितलं, तर असलेले कागद द्यावेच लागतात.

हे सगळं हाती आलं की निवेदन लहान ठेवता येतं. त्याचा मजकूर साधारण असा :

‘विषय : रसायनशास्त्रज्ञ पदाकरिता समतुल्य अर्हतेबाबत. जाहिरातीत व सेवाप्रवेश नियमांत रसायनशास्त्रातील एम.एस्सी. किंवा समतुल्य अर्हता विहित आहे. मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील एम.एस्सी. धारण करते. ही पदवी रसायनशास्त्र विषयाचीच विशेष शाखा असल्याचे विद्यापीठाचे पत्र (क्रमांक व दिनांक) सोबत जोडले आहे. विषयनिहाय तुलनेचा तक्ता आणि मागील भरतीत ही अर्हता स्वीकारल्याची माहिती अधिकारातील प्रत जोडली आहे. तरी माझी अर्हता विहित अर्हतेशी समतुल्य मानण्याबाबत निर्णय होऊन तो लेखी कळवावा, ही विनंती.’

‘लेखी कळवावा’ हे शब्द गाळू नयेत. दूरध्वनीवर मिळालेल्या ‘भरा अर्ज, चालेल’ या उत्तराला तपासणीच्या दिवशी काही किंमत नसते. केंद्राच्या नोकऱ्यांत तर हे स्पष्टच लिहिलेलं असतं. कर्मचारी निवड आयोग आणि संघ लोकसेवा आयोग आपल्या जाहिरातींत सांगतात की, समतुल्य अर्हतेचा दावा असेल तर ती कोणत्या प्राधिकाऱ्याच्या, कोणत्या क्रमांकाच्या आणि कोणत्या दिनांकाच्या आदेशानं समतुल्य मानली आहे, तो आदेश किंवा पत्र उमेदवारानं सादर करावं. सिद्ध करण्याचा भार पूर्णपणे उमेदवारावर असतो.

या मुलीची बाजू भक्कम आहे. तिच्याच शेजारी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेला उमेदवार असेल, तर त्याची नाही. त्यानंही पाण्याचे नमुने तपासले असतील, उपकरणं हाताळली असतील. पण समजा, त्याच्या सोळा विषयपत्रिकांत रसायनशास्त्राच्या दोनच असल्या, तर त्याचा दावा अनुभवाच्या जोरावरचा होतो. नियमात जिथे शिक्षण मागितलं आहे, तिथे अनुभव ठेवून चालत नाही. याचा उलट प्रकार महाराष्ट्रातच घडला. अन्न व औषध प्रशासनातल्या सहायक आयुक्त आणि औषध निरीक्षकांच्या भरतीत महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं औषधनिर्मिती किंवा चाचणीचा अनुभव मागितला होता. संशोधन प्रयोगशाळेतला अनुभव असलेल्या उमेदवारांनी तो समकक्ष मानावा असा आग्रह धरला आणि उच्च न्यायालयानं तो मान्यही केला. मे 2019 मध्ये संदीप श्रीराम वराडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. अर्हता आणि तिची समतुल्यता ठरवणं हे नियुक्ती देणाऱ्याचं काम आहे, न्यायालय जाहिरातीचे शब्द नव्यानं लिहू शकत नाही, आणि शब्दांत संदिग्धता असेल तर प्रश्न त्याच प्राधिकाऱ्याकडे परत जाईल, असं त्या निकालात म्हटलं आहे.

हे वाचून न्यायालयाचा मार्गच बंद आहे असं समजू नये. तज्ज्ञ संस्थेचं मत तुमच्या बाजूनं असेल तर चित्र बदलतं. उत्तर प्रदेशात शिक्षणशास्त्राच्या सहायक प्राध्यापक पदासाठी एम.ए. (शिक्षणशास्त्र) बरोबर एम.एड. चालेल का, असा वाद झाला होता. तिथे निवड आयोगानंच तज्ज्ञांच्या सल्ल्यानं शुद्धिपत्रक काढून एम.एड. स्वीकारलं होतं आणि ऑक्टोबर 2020 मध्ये आनंद यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते शुद्धिपत्रक कायम ठेवलं. न्यायालय स्वतः दोन अभ्यासक्रम तोलायला बसत नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांनी ते नीट केलं का, हे पाहतं. म्हणून आपली सगळी ताकद निर्णय होण्याच्या आधी, त्या अधिकाऱ्यासमोर आणि तज्ज्ञांसमोर लावण्यातच शहाणपण आहे.

तारखेचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. अर्हता कोणत्या दिवशी हातात हवी, हे नियमात दिलेलं असेल तर तो दिवस धरला जातो, नाहीतर जाहिरातीत दिलेला दिवस, आणि तिथेही नसेल तर अर्ज स्वीकारण्याचा शेवटचा दिवस. 2000 सालच्या भूपिंदरपाल सिंग प्रकरणापासून हा क्रम पक्का झालेला आहे. विद्यापीठाचं पत्र आधीच्या पदवीचं फक्त स्पष्टीकरण देत असेल, तर ते नंतरच्या दिनांकाचं असलं तरी बाजू मांडता येते, कारण पदवी तीच असते. पण शासनानं तुमची अर्हता समतुल्य म्हणून घोषित करण्याचा आदेशच शेवटच्या दिवसानंतर निघाला आणि तो मागील तारखेपासून लागू असल्याचं त्यात म्हटलं नसेल, तर त्या भरतीत तो सहसा उपयोगी पडत नाही. पुढच्या भरतीत पडतो, म्हणून मागणी सोडून देऊ नये.

खाजगी कंपनीच्या जाहिरातीत हेच शब्द असले तर त्यांच्यामागे ना नियम असतो ना आदेश. तिथे ज्याला माणूस हवा आहे, त्या विभागाच्या प्रमुखाचं समाधान झालं की झालं. तिथेही विषयांचा तक्ता आणि केलेल्या कामाचा दाखला कामी येतो, पण प्राधिकाऱ्याचा शोध घ्यावा लागत नाही.

सरकारी भरतीत अपात्र ठरल्यावर पहिली गोष्ट करायची ती कारण लेखी मागण्याची. ‘अर्हता नाही’ आणि ‘समतुल्यतेचा पुरावा जोडला नाही’ या दोन कारणांत फार फरक आहे. दुसऱ्या कारणात आधीच जोडलेला कागद दाखवून चूक दुरुस्त करून घेता येते. तात्पुरत्या यादीवर हरकतींसाठी दिलेले दिवस थोडे असतात, त्या दिवसांतच हरकत नोंदवून पोच घ्यावी. राज्य शासनाच्या पदांसाठी पुढची दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात मागता येते. ते मुंबईत आहे आणि त्याची खंडपीठं नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तिथे जायचं तर निवड यादी अंतिम होऊन इतरांच्या नियुक्त्या होण्याच्या आत जावं, कारण नंतर त्या निवडलेल्या उमेदवारांनाही प्रतिवादी करावं लागतं आणि त्यांच्या हाती आलेली नोकरी हलवायला न्यायाधिकरण सहजासहजी तयार होत नाही. वकिलाकडे जाताना फाइलीत चार कागद वरच ठेवावेत : सेवाप्रवेश नियम, विद्यापीठाचं पत्र, निवेदनाची पोच आणि अपात्रतेचं लेखी कारण.